ब्लाऊज शिवायला तीन तास, मिळायला दोन आठवडे



अस्तराचा एक ब्लाऊज शिवायला किती वेळ लागतो, असे विचारले तर शिवण येणाऱ्या मैत्रिणी लगेच सांगतील, माप घेण्यापासून इस्त्री होईपर्यंत साधारण तीन तास. आता तोच प्रश्न दुसऱ्या बाजूने विचारू. शिवायला टाकलेला ब्लाऊज हातात कधी मिळतो? पुण्यात कुठेही विचारा, दहा दिवस, पंधरा दिवस आणि लग्नसराईत तर 'आता महिनाभर जमणार नाही' असे उत्तर मिळते. काम तीन तासांचे, मग मधले दिवस जातात कुठे?

या प्रश्नाचे उत्तर कागदावर काढून दाखवणारी एक पद्धत आहे. आपल्या पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या कारखान्यांत ती 'व्हॅल्यू स्ट्रीम मॅपिंग' या नावाने चालते. कुणाच्या घरात कारखान्यात जाणारे माणूस असेल तर 'व्हीएसएम' हा शब्द कानावर आलाही असेल. मराठीत आपण त्याला कामाच्या प्रवाहाचा नकाशा म्हणू. गिऱ्हाईक मागणी नोंदवते तिथपासून वस्तू तिच्या हातात पडेपर्यंत काय काय घडते, प्रत्येक पायरीला किती वेळ लागतो आणि दोन पायऱ्यांच्या मध्ये वस्तू किती वेळ नुसती पडून राहते, हे सगळे एका कागदावर मांडायचे. एवढाच तो नकाशा.

मूळ जपानच्या टोयोटा कंपनीतले. तिथे माल कसा फिरतो आणि त्याबरोबर निरोप कसा फिरतो, याची चित्रे काढायची रीत होती. माइक रॉदर आणि जॉन शुक या दोघांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी 'लर्निंग टू सी' या पुस्तकातून ती रीत जगभरच्या कारखान्यांपुढे ठेवली. त्याच्या थोडे आधी, १९९६ साली, जेम्स वोमॅक आणि डॅनियल जोन्स यांनी 'लीन थिंकिंग' या पुस्तकात कोलाच्या एका डब्याचा प्रवास मांडला होता. खाणीतून माती निघाल्यापासून भरलेला डबा घरी पोचेपर्यंत ३१९ दिवस जात होते आणि त्यात डब्यावर प्रत्यक्ष काम होत होते अवघे तीन तास. बाकी सगळा वेळ तो कुठल्या तरी गोदामात थांबलेला. आपल्या ब्लाऊजची गोष्ट याहून वेगळी नाही.

कर्ज काढायच्या आधी

आम्ही या कार्यक्रमासाठी सहकारनगरच्या बाजूला काम करणाऱ्या पाच जणींच्या एका शिवण गटाकडे चार वेळा गेलो आणि त्यांच्याबरोबर बसून हा नकाशा काढला. गटात एक ताई माप घेतात आणि कटिंग करतात. दोघी मशीनवर बसतात. एक काकू घरी नेऊन हातशिलाई करतात, म्हणजे तुरपाई, हुक आणि आय. पाचवी मैत्रीण अस्तर आणते, भिजवते, इस्त्री करते आणि गिऱ्हाइकांचे फोन सांभाळते. फॉल-पिको, ड्रेस, परकर अशी कामेही येतात, पण मुख्य काम अस्तराच्या ब्लाऊजचे. दिवसाला सरासरी सहा ब्लाऊज येतात.

त्यांची अडचण अशी होती की ब्लाऊज वेळेवर होत नव्हते. रोज दोन-तीन बायका येऊन नाराज होऊन जात. गटात ठरत आले होते की तिसरे मशीन घ्यायचे. मोटरवरच्या मशीनला तीस हजारांच्या आसपास लागणार, त्यासाठी बचत गटातून कर्ज काढायचे. आम्ही एवढेच म्हटले की कर्ज काढायच्या आधी एक आठवडा द्या, मशीन खरोखर कमी पडते आहे का ते पाहू.

नकाशा काढताना पहिली गोष्ट ठरवायची ती म्हणजे कशाचा नकाशा. सगळ्याच कामांचा एकदम काढायला गेले की कागदावर जाळे होते आणि हाती काही लागत नाही. म्हणून एकच वस्तू धरायची, जी सगळ्यात जास्त विकली जाते आणि एकाच वाटेने जाते. इथे ती होती अस्तराचा ब्लाऊज. फॉल-पिको बाजूला ठेवले.

दुसरी गोष्ट, विचारून लिहायचे नाही, चालत जाऊन बघायचे. 'कटिंग रोजच होते' असे सगळ्याच जणी सांगतात, पण कपाट उघडले की पिशव्यांवरच्या तारखा वेगळेच बोलतात. आणि सुरुवात गिऱ्हाइकाच्या टोकापासून करायची. तयार ब्लाऊज जिथे टांगलेले असतात तिथे उभे राहायचे आणि हा इथे कुठून आला, असे विचारत एकेक पायरी मागे जायचे. पुढून मागे गेलो की आपण आपल्या सोयीच्या क्रमाने पाहत नाही, गिऱ्हाइकाच्या वाटेने पाहतो.

कागद म्हणून जुन्या कॅलेंडरची मोठी पाने आणि हातात पेन्सिल, कारण खोडाखोड होतेच. प्रत्येक कामाला एक चौकोन. दोन कामांच्या मध्ये जिथे ढीग साचतो तिथे एक त्रिकोण. ब्लाऊज पुढे सरकतो तिथे सरळ बाण. फोनवरून निरोप जातो तिथे वाकडीतिकडी, विजेसारखी रेघ. कारखान्यातही हीच चिन्हे वापरतात.

चौकोनांत तीन तास

आधी चौकोन भरले. मोबाइलच्या घड्याळावर वेळ धरली, प्रत्येक कामाची सात-आठ वेळा, आणि सरासरी लिहिली. माप घेणे आणि ऑर्डर लिहिणे, १५ मिनिटे. अस्तर आणायला आठवड्यातून एकदा रविवार पेठेत जातात, त्या फेरीला तीन तास लागतात आणि ३६ ब्लाऊजचे अस्तर एकदम येते, म्हणजे एका ब्लाऊजच्या वाट्याला ५ मिनिटे. अस्तर भिजवणे, वाळत घालणे, इस्त्री करणे यात हात गुंततात ते ५ मिनिटे. कटिंग २५ मिनिटे. मशीनवरची शिलाई ८० मिनिटे. हातशिलाई ३५ मिनिटे. शेवटची इस्त्री ५ मिनिटे. ट्रायल १० मिनिटे. बेरीज १८० मिनिटे, म्हणजे बरोबर तीन तास.

आता यातले कोणते काम असे आहे की ज्यासाठी गिऱ्हाईक पैसे मोजते? कसोटी सोपी आहे. त्या कामाने कापडाचे रूप बदलले का, आणि ते पहिल्याच वेळी नीट झाले का? कटिंग, शिलाई, हातशिलाई आणि इस्त्री या कसोटीला उतरतात. ती झाली १४५ मिनिटे. उरलेली ३५ मिनिटे माप, खरेदी, अस्तर भिजवणे आणि ट्रायल यांची. त्यांनी ब्लाऊज पुढे सरकत नाही, पण ती टाळताही येत नाहीत. अस्तर न भिजवता लावले तर पहिल्या धुण्यात ते आटते आणि वरचे कापड चुण्या पडून गोळा होते. अशा कामांना 'सध्या लागणारी' म्हणून वेगळी खूण करायची. त्यांना फालतू म्हणून काढून टाकायचे नाही, पण ती गिऱ्हाइकाला थांबवून न ठेवता करता येतील का, हे मात्र विचारायचे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

आणि तिसऱ्या मशीनचे काय? दोन मशीन, प्रत्येकी दिवसाला सहा तास, म्हणजे ७२० मिनिटे. एका ब्लाऊजला ८० मिनिटे. दोन्ही मशीन मिळून दिवसाला नऊ ब्लाऊज शिवू शकतात आणि येतात सहा. मशीन कमी पडत नव्हते.

त्रिकोणांत बारा दिवस

मग दिवस जात होते ते त्रिकोणांत. ढिगात एखादा ब्लाऊज किती दिवस पडून राहतो हे पाहायला त्याच्या मागे पंधरा दिवस फिरायची गरज नाही. ढीग मोजा आणि रोज किती पुढे सरकतात त्या आकड्याने भागा. बारा ब्लाऊजचा ढीग आहे आणि रोज सहा संपतात, तर आज ढिगात शेवटी पडलेल्या ब्लाऊजचा नंबर दोन दिवसांनी लागणार. रेशनच्या रांगेत आपण असाच हिशेब करतो.

एक सावधगिरी मात्र हवी. ढीग एकाच दिवशी मोजला तर फसवतो. अस्तर आणायच्या आदल्या दिवशी पिशव्यांचा डोंगर असतो आणि दुसऱ्या दिवशी काहीच नसते. म्हणून आम्ही वेगवेगळ्या वारी मोजणी केली आणि सरासरी धरली.

अस्तराची वाट बघत सरासरी १८ पिशव्या पडलेल्या होत्या. सहाने भागले, तीन दिवस. भिजवून वाळत असलेले सहा, एक दिवस. कटिंगची वाट बघणारे बारा, दोन दिवस, कारण कटिंग आठवड्यातून दोनदाच होते. मोठे टेबल मांडले की एकदम डझन-दीड डझन कापून टाकायचे, अशी सवय. कापून मशीनपाशी ठेवलेले बारा, दोन दिवस. हातशिलाईच्या पिशवीत बारा, दोन दिवस, कारण पिशवी भरल्याशिवाय काकूंकडे जात नाही आणि सगळे झाल्याशिवाय परत येत नाही. तयार होऊन गिऱ्हाइकाची वाट बघत टांगलेले बारा, दोन दिवस.

नकाशाच्या तळाला एक पायऱ्यापायऱ्यांची रेघ काढतात. काम चालू असते तिथे रेघ खाली, थांबलेले असते तिथे वर. वरचे आकडे मिळवले, बारा दिवस. खालचे मिळवले, तीन तास, म्हणजे सहा तासांच्या दिवसाचा अर्धा दिवस. एकूण साडेबारा कामाचे दिवस, रविवार धरला तर दोन आठवडे. तासांत मांडले तर ७५ तासांपैकी ७२ तास ब्लाऊज नुसता पडून आणि तीन तास कुणाच्या तरी हातात. पंचवीस भागांतला एक भाग काम.

हा आकडा वाचला तेव्हा मशीनवरच्या दोघींपैकी एक जण पटकन म्हणाली, "म्हणजे आम्ही काम करत नाही असं तुम्हाला म्हणायचंय का?" हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. हा नकाशा बाईच्या रिकामपणाचा नसतो. बाया सकाळी दहा ते पाच मान वर न करता काम करत होत्या. थांबलेला असतो तो ब्लाऊज. एक ब्लाऊज बाईच्या हातात असतो तेव्हा २४ इतर ब्लाऊज पडून असतात. नकाशा काढताना हे आधीच स्पष्ट बोलून घ्यावे, विशेषतः जिथे नगावर मजुरी मिळते तिथे. घड्याळ लावलेले दिसले की आता नगाचा दर कमी होणार, अशी भीती वाटते आणि ती भीती खोटी नाही. या गटाने आधी ठरवले की मजुरीच्या दराला हात लावायचा नाही, मगच घड्याळ काढले.

चिठ्ठीचा प्रवास

कापड फिरते तसा निरोपही फिरतो, आणि पुष्कळ वेळा कापड थांबते ते निरोपामुळे. ऑर्डरच्या चिठ्ठीवर नाव, मापे आणि तारीख असे. गळा मागून किती खोल, हुक पुढे की मागे, पायपिन लावायचे की नाही, हे ताईंच्या डोक्यात. त्या मापे घेताना बोललेले असते, त्यामुळे त्यांना आठवते. पण मशीनवरची बाई अडली की आधी ताईंना विचारायचे, त्यांना नक्की आठवले नाही तर गिऱ्हाइकाला फोन, तिने उचलला नाही तर तो ब्लाऊज बाजूला आणि दुसरा हातात. बाजूला ठेवलेल्याचा नंबर पुन्हा कधी लागेल ते कुणी सांगू शकत नाही.

दुसरे, सहांपैकी दोन ब्लाऊज ट्रायलनंतर दुरुस्तीला परत येत. बहुतेक वेळा मुंढा घट्ट. का, हे शोधले तेव्हा कळले की दुरुस्तीला येणाऱ्यांपैकी बहुतेक ऑर्डर मापाच्या जुन्या ब्लाऊजवरून घेतलेल्या होत्या. जुना ब्लाऊज वापरून सैल झालेला असतो किंवा आतून उसवून मोठा केलेला असतो आणि अंगावर तो कसा बसतो ते कटिंग करणारीला दिसत नाही. दुरुस्तीला हात लागतो वीस मिनिटे, पण गिऱ्हाइकाला आणखी तीन दिवस. ते वरच्या साडेबारा दिवसांत धरलेले नाहीत.

तिसरे, 'अर्जंट'. रोज एखादी बाई येऊन म्हणते, माझे उद्याच हवे. तिचा ब्लाऊज ढिगात वर येतो आणि बाकीचे सगळे एकेक पायरी खाली जातात. उद्या त्यांतली एखादी येऊन चिडते, मग तिचा वर. ढीग मोठा असला की अर्जंट वाढतात, आणि अर्जंट वाढले की बाकीच्यांना उशीर होऊन आणखी अर्जंट जन्माला येतात. पंधरा दिवसांनी मिळणार म्हटल्यावर अर्जंट मागावेच लागते. पाच दिवसांत मिळत असेल तर फार कमी जणी मागतात.

दुसरा कागद

आता दुसऱ्या कागदावर हवा तसा प्रवाह काढायचा. इथे एक जुने उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचे आहे, लिज्जत पापड. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावात सात जणींनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेले ते काम. तिथली रीत आठवा. बाई सकाळी केंद्रावर येते, आदल्या दिवशी लाटून वाळवलेले पापड वजन करून देते, त्याची मजुरी घेते आणि आजचे मळलेले पीठ घेऊन घरी जाते. आज नेलेले उद्या परत. पीठ मळून ठेवले तर खराब होते, त्यामुळे ढीग करायची सोयच नाही. कापड खराब होत नाही म्हणून आपण ढीग करतो, एवढाच फरक.

गटाने काकूंच्या बाबतीत हेच केले. पिशवी भरायची वाट न बघता रोज संध्याकाळी त्या दिवशी शिवून झालेले सहा ब्लाऊज त्यांच्याकडे जाऊ लागले आणि आदल्या दिवशीचे सहा परत येऊ लागले. हातशिलाई तेवढीच, मजुरी तेवढीच, पण दोन दिवसांचा एक दिवस झाला. आणखी एक गोष्ट आपोआप झाली. हुकाच्या पट्टीची शिलाई चुकलेली असेल तर ती आता दुसऱ्याच दिवशी कळते. पूर्वी ती बारा ब्लाऊजमध्ये होऊन गेल्यावर कळायची.

कटिंग रोज सकाळी सहा. ताईंना सुरुवातीला हे पटले नव्हते. टेबल रोज मांडायचे, रोज आवरायचे, त्यात पंधरा मिनिटे जातात, असे त्यांचे म्हणणे आणि ते खरेच आहे. पण त्या पंधरा मिनिटांच्या बदल्यात ढीग बाराचा सहा झाला आणि प्रत्येक ब्लाऊजचा एक दिवस वाचला. कापून ठेवलेल्यांनाही मर्यादा घातली. मशीनपाशी भिंतीवर सहा खिळे ठोकले, सहाही खिळ्यांवर पिशव्या असतील तर नवीन कापायचे नाही. त्या वेळात ताईंनी इस्त्री करावी, काज करावे, काहीही करावे, पण ढीग वाढवायचा नाही.

सगळ्यात जास्त दिवस वाचले ते अस्तरात. तीन दिवस आणायला आणि एक दिवस वाळायला, असे चार दिवस जात होते. गेल्या दोन महिन्यांची वही काढून रंग मोजले. सहांपैकी चार ब्लाऊजना लागणारे अस्तर दहा-बारा रंगांतलेच होते, लाल, मरून, काळा, पांढरा, मोतिया, बॉटल ग्रीन, राणी, नेव्ही असे नेहमीचे. या रंगांचे अस्तर आधीच आणून, भिजवून, इस्त्री करून मापाच्या घड्या घालून कपाटात ठेवले. प्रत्येक रंगाच्या शेवटच्या दोन घड्यांमध्ये एक कार्ड. कार्ड वर आले की तो रंग आणायच्या यादीत गेला. भिजवण्याचे काम तसेच राहिले, पण आता ते ऑर्डरच्या आधी होते, गिऱ्हाईक त्यासाठी थांबत नाही. मघाशी 'सध्या लागणारे' काम म्हणून जी वेगळी खूण केली होती तिचा उपयोग हा असा. उरलेल्या दोन ब्लाऊजना, म्हणजे वेगळ्या रंगांना, आठवड्यातून दोनदा खरेदी करून अडीच दिवस लागतात.

चिठ्ठीवर चार रकाने वाढवले. गळा, हुक, पायपिन आणि माप कशावरून. जुना ब्लाऊज दिला तरी मुंढ्याचे माप अंगावरून घ्यायचेच. आणि ट्रायलची तारीख ऑर्डर घेतानाच लिहायची. 'झाला की फोन करते' हे वाक्य बंद.

नव्या कागदावर कटिंगआधी एक दिवस, मशीनपाशी एक, हातशिलाईत एक, ट्रायलपाशी एक, असे चार दिवस आणि कामाचा अर्धा दिवस. नेहमीच्या रंगाला साडेचार दिवस, वेगळ्या रंगाला सात. गटाने गिऱ्हाइकांना पाच आणि आठ दिवस सांगायला सुरुवात केली, थोडी जागा ठेवून.

जुना ढीग आपोआप जात नाही

दुसरा कागद काढला म्हणजे झाले, असे नाही. घरात ७२ ब्लाऊज पडलेले असताना उद्यापासून पाच दिवसांत देते म्हणून चालत नाही. आधी तो ढीग उतरवावा लागतो. नव्या रीतीत ढिगांत मिळून तीसच्या आत ब्लाऊज राहतात, म्हणजे चाळीसेक जास्तीचे संपवायचे. दोन मशीनची ताकद नऊची आणि येणारे सहा, त्यात दुरुस्त्यांचा वेळ गेला की दिवसाला दोन-अडीच जादा होतात. तीन आठवडे लागले. या तीन आठवड्यांत बरेच जण धीर सोडतात, कारण काम जास्त दिसते आणि फायदा दिसत नाही.

ढीग उतरला तसा पैसाही मोकळा झाला. एका ब्लाऊजची शिलाई पाचशे रुपये, त्यातले शंभर आगाऊ, चारशे नेताना. बेचाळीस ब्लाऊज कमी झाले म्हणजे सोळा हजार आठशे रुपये, जे नेहमी पंधरा दिवस पुढे ढकलले जात होते, ते हातात आले. हा पैसा एकदाच येतो, दर महिन्याला नाही, हे हिशेबात नीट धरावे. पण तिसऱ्या मशीनचे कर्ज काढावे लागले नाही आणि त्याचे व्याजही नाही.

मशीन कधीच लागणार नाही, असे मात्र नकाशा म्हणत नाही. तुळशीच्या लग्नानंतर लग्नाचे मुहूर्त सुरू झाले की दिवसाला दहा-अकरा ब्लाऊज येतील. दोन मशीन नऊच करतात. तेव्हा ढीग वाढणारच आणि कुठलीही शिस्त तो थांबवू शकणार नाही. मग दोन महिन्यांसाठी मशीन भाड्याने आणायचे, एखादी जास्तीची मैत्रीण घ्यायची की नऊनंतर ऑर्डर घ्यायचीच नाही, हे गटाने ठरवायचे. फरक इतकाच की आता ते आकडा बघून ठरेल.

आणखी एक मर्यादा. जिथे प्रत्येक काम वेगळ्या वाटेने जाते, उदाहरणार्थ आरीवर्कचे नक्षीदार ब्लाऊज, ज्यात एकेका नगाला चार दिवस भरतकाम असते, तिथे सरासरी काढून उपयोग नाही. त्यांचा वेगळा कागद काढावा.

नकाशा जुना होतो. बाई बदलली, दर बदलला, ऋतू बदलला की ढिगांची जागा बदलते. म्हणून तीन-चार महिन्यांनी पुन्हा एक सकाळ काढून ढीग मोजावेत, आणि लग्नसराईच्या आधी तर नक्कीच. तुमचे काम मसाल्याचे असो, गोधड्यांचे असो की दिवाळीच्या फराळाचे, मोजायची रीत हीच. चौकोन कमी-जास्त होतील, त्रिकोण मात्र सापडतीलच.

तुमच्या कामात सगळ्यात मोठा त्रिकोण कुठे निघाला, तो आकड्यासकट आम्हाला कळवा. निवडक नकाशे आपण पुढच्या भागात ऐकू. नमस्कार.